ब्रेकरने ऐकलंच नाही तर?

मुंबई-गोवा महामार्गावरून पेण सोडून नागोठण्याकडे निघालं, की डोंगराच्या कुशीतून आणि खाजणावरून चालत आलेले विजेचे मनोरे दिसू लागतात. दाभोळच्या प्रकल्पातली वीज 400 किलोव्होल्टच्या वाहिन्यांतून नागोठण्याच्या उपकेंद्रात येते आणि तिथून पुढे वाटली जाते. रायगडला हे नवं नाही. खोपोलीचं जलविद्युत केंद्र 1915 साली सुरू झालं, भिवपुरीचं 1922 मध्ये, भिऱ्याचं 1927 मध्ये. शंभर वर्षांहून अधिक काळ या जिल्ह्यात तयार झालेली वीज मुंबईला जाते आहे.

पण किनाऱ्याजवळ वीजवाहिनी सांभाळायची तर खाऱ्या वाऱ्याशी गाठ असते. उरणपासून श्रीवर्धनपर्यंत समुद्रावरून येणारा वारा मिठाचे बारीक कण घेऊन येतो आणि ते चिनी मातीच्या इन्सुलेटरवर बसतात. पावसाळ्यात ते धुऊन जातात. पुढे कोरडे महिने सुरू झाले की थरावर थर चढतो. कोरडं मीठ फारसं त्रास देत नाही. जानेवारीतल्या एखाद्या पहाटे दव पडलं, मीठ ओलं झालं, की तोच थर वीज वाहू लागतो. इन्सुलेटरच्या पृष्ठभागावरून ठिणग्या सरकू लागतात आणि एका क्षणी तारेपासून मनोऱ्यापर्यंत अख्खी ज्वाला उभी राहते. जी वीज पुढच्या गावी जायची, ती मनोऱ्यातून जमिनीत शिरते. तिला रोखणारं जवळजवळ काहीच नसल्याने काहीशे अँपिअरचा प्रवाह क्षणात हजारो अँपिअरवर जातो.

इथे ब्रेकरचं काम सुरू होतं. 220 केव्हीच्या यार्डात प्रत्येक वाहिनीच्या तोंडाशी तीन उंच खांब उभे असतात, प्रत्येक फेजसाठी एक. आत एसएफ-6 वायू भरलेला असतो आणि खालच्या पेटीत ताणून ठेवलेली जाडजूड स्प्रिंग असते. वाहिनीवर बिघाड झाल्याचं रिलेने ओळखलं, की ती बॅटरीची 220 व्होल्टची डीसी वीज ब्रेकरच्या ट्रिप कॉइलला देते. कॉइल एक छोटा खटका सोडते, स्प्रिंग सुटते आणि ब्रेकरचे संपर्क एकमेकांपासून ओढले जातात. त्यांच्यामध्ये विद्युतज्योत पेटतेच. पण आपल्याकडच्या 50 हर्ट्झच्या पुरवठ्यात प्रवाह दर 10 मिलिसेकंदांनी शून्यावरून जातो, आणि तेवढ्या क्षणी वायूचा झोत ती ज्योत विझवतो. कॉइलला वीज मिळाल्यापासून प्रवाह थांबेपर्यंत सगळं मिळून सुमारे 60 मिलिसेकंद लागतात.

आता विचार करा, हा ब्रेकर उघडलाच नाही तर?

असं होऊ शकतं. ट्रिप कॉइल जळलेली असते. खटक्यावरचं ग्रीस वाळून चिकट झालेलं असतं, किंवा किनाऱ्यावरच्या हवेने यंत्रणेत गंज धरलेला असतो. वायू गळून दाब कमी झाला असेल तर ब्रेकर स्वतःलाच कुलूप लावून घेतो, कारण पुरेशा वायूशिवाय उघडला तर आतली ज्योत विझणार नाही आणि खांबच फुटेल. सगळ्यांत फसवा प्रकार चौथा. संपर्क उघडतात, खालच्या पेटीतला दर्शक "उघडा" असं दाखवतो, आणि आत ज्योत जळतच राहते. बाहेरून पाहणाऱ्याला ब्रेकर उघडलेला दिसतो. विजेच्या दृष्टीने तो बंदच असतो.

या शक्यतेचा विचार करून अभियंत्यांनी बाकी सगळं दुहेरी केलेलं असतं. महत्त्वाच्या वाहिनीवर दोन स्वतंत्र रिले असतात. ब्रेकरला दोन ट्रिप कॉइल असतात. त्यांना वीज देणाऱ्या बॅटऱ्याही दोन असतात. ब्रेकर मात्र एकच. दर वाहिनीला एकापाठोपाठ दोन ब्रेकर बसवणं खर्चाच्या आणि जागेच्या हिशोबात बसत नाही. मग हट्टी ब्रेकरच्या जागी कोण उभं राहणार? उत्तर यार्डातच असतं: त्याच बसवर, म्हणजे विजेच्या सामाईक पट्टीवर, जोडलेले शेजारचे ब्रेकर. बिघाडात येणारी वीज त्यांच्यातूनच तर येत असते. ते सगळे उघडले की बिघाड उपाशी मरतो. या योजनेला आपल्याकडे लोकल ब्रेकर बॅकअप, किंवा रोजच्या बोलण्यात एलबीबी म्हणतात.

घरातला नळ फिरेनासा झाला तर आपण गच्चीवरच्या टाकीचा वॉल्व्ह बंद करतो. पाणी थांबतं, पण सगळ्या मजल्यांचं थांबतं. एलबीबीचा सौदा हाच आहे. एक वाहिनी तोडण्यासाठी ती काही निरोगी वाहिन्या आणि ट्रान्सफॉर्मर मुद्दाम अंधारात टाकते. म्हणून तिने घाई करून चालत नाही आणि उशीर करूनही चालत नाही. तिचा सगळा कस या दोन टोकांमध्ये नेमकी जागा शोधण्यात लागतो.

ती ठरवते कशी? दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असल्या तरच ती पाऊल टाकते. पहिली, कुठल्या तरी संरक्षक रिलेने या ब्रेकरला उघडायचा हुकूम दिलेला आहे. दुसरी, ब्रेकरमधून अजूनही प्रवाह वाहतो आहे. दुसऱ्या गोष्टीसाठी ती ब्रेकरच्या दर्शकावर विसंबत नाही, शेजारच्या करंट ट्रान्सफॉर्मरला, म्हणजे सीटीला विचारते. ज्योत आतच जळत असेल तर दर्शक फसेल, सीटी फसणार नाही. फक्त ट्रान्सफॉर्मरच्या आतल्या काही बिघाडांत प्रवाह फार कमी असतो. तिथे प्रवाहाच्या जोडीला दर्शकाचीही साक्ष घ्यावी लागते.

किती प्रवाह म्हणजे "अजून वाहतो आहे"? आपल्याकडे रूढ असलेली मर्यादा सीटीच्या नियत प्रवाहाच्या 20 टक्के अशी आहे. 800 अँपिअरची सीटी असेल तर 160 अँपिअर. बिघाडातल्या हजारो अँपिअरपुढे ही मर्यादा फारच खाली वाटते, पण ती मुद्दाम खाली ठेवलेली असते. बिघाड दूर असेल किंवा वाटेतला अडथळा मोठा असेल, तर बिघाडाचा प्रवाहही तुटपुंजा असू शकतो. शिवाय इथे रिलेला बिघाड ओळखायचाच नसतो. ते काम दुसऱ्या रिलेने आधीच केलेलं आहे. इथे प्रश्न एवढाच की नळ बंद झाला का.

या दोन्ही गोष्टी खऱ्या ठरल्या की घड्याळ चालू होतं. त्याचा टायमर आपल्याकडे सर्वसाधारणपणे 200 मिलिसेकंदांवर ठेवतात. 2012 च्या जुलैअखेरीस उत्तर भारताचं ग्रिड लागोपाठ दोन दिवस कोसळलं. त्यानंतर नेमलेल्या टास्क फोर्सच्या कामातून संरक्षणाच्या सेटिंगच्या ज्या मार्गदर्शक सूचना आल्या, त्यांत 20 टक्के आणि 200 मिलिसेकंद हेच आकडे आहेत. 200 हा आकडा कुठून आला, हे एका प्रसंगातून नीट कळतं.

किनाऱ्यावरच्या एका 220 केव्ही उपकेंद्राची कल्पना करा. यार्डात दोन मुख्य बस आहेत, म्हणजे विजेच्या दोन समांतर पट्ट्या. पहिल्या बसवर दोन वाहिन्या आणि एक ट्रान्सफॉर्मर, दुसऱ्या बसवर दोन वाहिन्या आणि दुसरा ट्रान्सफॉर्मर. दोन्ही पट्ट्यांना जोडणारा एक ब्रेकर आहे, त्याला बस कपलर म्हणतात. पहाटेच्या दवात पहिल्या बसवरच्या एका वाहिनीवर, उपकेंद्रापासून थोड्याच अंतरावर, इन्सुलेटरवरून ज्वाला उठली. बिघाडाचा प्रवाह 12,000 अँपिअर. हा क्षण शून्य धरू.

30 व्या मिलिसेकंदाला वाहिनीची रिले बिघाड ओळखते आणि ट्रिपचा हुकूम सोडते. त्याच क्षणी ती एलबीबीलाही कळवते, आणि 12,000 अँपिअर 160 च्या कितीतरी वर असल्याने घड्याळ चालू होतं. ब्रेकर धडधाकट असता तर 60 मिलिसेकंदांत, म्हणजे 90 व्या मिलिसेकंदाला प्रवाह थांबला असता.

इथे एक बारीक गोष्ट आहे. मुख्य तारेतला प्रवाह थांबला तरी सीटीच्या गाभ्यात साठलेली चुंबकीय ऊर्जा लगेच संपत नाही. ती ओसरताना सीटीच्या तारांतून थोडा वेळ क्षीण प्रवाह वाहत राहतो आणि रिलेला वाटतं, वीज अजून आहे. ब्रेकरने आपलं काम चोख केलेलं असतं, आणि तरी त्याच्यावर आळ येऊ शकतो. म्हणून रिले भानावर यायला सुमारे 30 मिलिसेकंद धरतात. म्हणजे ब्रेकर निर्दोष असता तर 120 व्या मिलिसेकंदाला रिलेला प्रवाह संपल्याचं कळलं असतं आणि घड्याळ थांबलं असतं.

घड्याळाची मुदत संपते 230 व्या मिलिसेकंदाला. 120 आणि 230 यांच्यामधले 110 मिलिसेकंद ही राखीव जागा आहे. ब्रेकर थंडीने किंवा वयाने थोडा संथ झाला असेल, बॅटरीचा दाब थोडा उतरला असेल, तर त्याला या जागेत सामावून घेता येतं. टायमर 200 ऐवजी 100 ठेवला, तर ही जागा जेमतेम 10 मिलिसेकंदांची उरेल, आणि जरासा आळशी पण प्रामाणिक ब्रेकरही दोषी ठरून अख्खी बस अंधारात जाईल.

आपल्या प्रसंगातला ब्रेकर मात्र खरोखरच अडकलेला आहे. या मधल्या काळात एलबीबी त्याला आणखी एक संधी देते. बहुतेक योजनांत ती आधी त्याच ब्रेकरला, दुसऱ्या कॉइलवरून, पुन्हा एकदा ट्रिपचा हुकूम पाठवते. पहिल्या कॉइलची तारच तुटलेली असेल तर इथेच प्रश्न सुटतो. नाही सुटला. 230 व्या मिलिसेकंदाला सीटी अजूनही 12,000 अँपिअरच सांगते आहे.

मग निर्णय होतो. एक मदतनीस रिले 10 मिलिसेकंदांत पहिल्या बसवरच्या सगळ्या ब्रेकरना हुकूम पोचवते: दुसऱ्या वाहिनीचा ब्रेकर, ट्रान्सफॉर्मरचा ब्रेकर आणि बस कपलर. त्यांना उघडायला 60 मिलिसेकंद लागतात. बिघाड सुरू झाल्यापासून 300 व्या मिलिसेकंदाला, म्हणजे प्रवाहाच्या पंधरा आवर्तनांत, पहिली बस मेलेली असते. बिघडलेल्या वाहिनीच्या पलीकडच्या टोकाचा ब्रेकर तिथल्या रिलेने आधीच उघडलेला असतो. एखाद्या योजनेत तो तसा उघडेल याची खात्री नसेल, तर एलबीबी त्यालाही संदेशवाहिनीवरून थेट हुकूम पाठवते. मनोऱ्यावरची ज्वाला विझते. दुसरी बस, तिच्यावरच्या दोन वाहिन्या आणि तिचा ट्रान्सफॉर्मर चालूच राहतात.

उशिराकडची सीमाही तितकीच कडक आहे. शेजारच्या उपकेंद्रांतल्या रिले हा बिघाड दुरून बघत असतात. जवळचा माणूस काम करत नाही असं दिसलं, तर ठरावीक वेळाने त्या आपापले ब्रेकर उघडतात. या दूरच्या आधाराची वेळ, जिला झोन-2 म्हणतात, आपल्याकडे साधारण 350 मिलिसेकंद असते. तिची बेरीजच एलबीबीवरून मांडली जाते: एलबीबीचे 200, ब्रेकर उघडायला 60, रिले भानावर यायला 30 आणि राखीव 60. एलबीबीचा टायमर कुणी उदारपणे 300 केला, तर जवळचे ब्रेकर उघडायच्या आत दूरच्या उपकेंद्रांतून ट्रिपचा हुकूम सुटलेला असेल आणि तीही आपापल्या वाहिन्या तोडून टाकतील. मग दुसरी बस वाचवण्याचा सगळा खटाटोप वाया जाईल. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2007 च्या तांत्रिक मानकांनीही हीच चौकट घातली आहे. 220 केव्हीला बिघाड 160 मिलिसेकंदांत आणि 400 केव्हीला 100 मिलिसेकंदांत दूर व्हावा, आणि ब्रेकरने तेवढ्यात काम केलं नाही तर त्या बसवरच्या बाकी ब्रेकरनी पुढच्या 200 मिलिसेकंदांत तो दूर करावा.

मला या योजनेत सर्वांत विलक्षण वाटतो तो शेजाऱ्यांच्या निवडीचा भाग. दोन बसच्या यार्डात कुठलीही वाहिनी आज पहिल्या बसवर तर उद्या दुसऱ्या बसवर असू शकते. दुरुस्तीसाठी ऑपरेटर आयसोलेटर फिरवून ती बदलतात. त्यामुळे "शेजारी कोण" याची यादी कायमची लिहून ठेवता येत नाही. एलबीबी ती त्या घडीला तयार करते. प्रत्येक आयसोलेटरच्या दांड्याला छोटे साहाय्यक संपर्क जोडलेले असतात आणि ते सांगतात की हा फीडर आत्ता कुठल्या बसवर आहे. हट्टी ब्रेकर ज्या बसवर, त्याच बसवरचे सगळे उघडायचे, बाकीच्यांना हात लावायचा नाही. 400 केव्हीच्या बऱ्याच यार्डांत दोन वाहिन्यांमध्ये तीन ब्रेकर अशी मांडणी असते. तिथे मधला ब्रेकर अडकला तर त्याच्या दोन्ही बाजूंचे ब्रेकर उघडतात आणि दोन्ही वाहिन्यांच्या पलीकडच्या टोकांना हुकूम जातो. बस मात्र दोन्ही शाबूत राहतात. अडकलेला ब्रेकर कुठे उभा आहे, यावरून अंधाराचा नकाशा बदलतो.

किनाऱ्यावर दुखतं तेही इथेच. आयसोलेटरचा तो छोटा संपर्क उघड्या यार्डातल्या पेटीत असतो. पेटीचं रबर सुकलं, खारी हवा आत शिरली, संपर्कावर हिरवा थर आला, की फीडर प्रत्यक्षात पहिल्या बसवर असतानाही रिलेला तो दिसेनासा होतो. रोजच्या कामात याने काहीच बिघडत नाही, म्हणून लक्षातही येत नाही. पण एलबीबीची वेळ आली तर तोच एक ब्रेकर उघडायचा राहील आणि बिघाडाला वीज पुरवत राहील. चांगल्या रिले उघडा आणि बंद असे दोन्ही संपर्क वाचतात आणि दोघांचं जमेना तर "आयसोलेटर स्थितीत तफावत" असा अलार्म देतात. तो अलार्म दाबून पुढे जायचा नसतो. लगेच पेटी उघडून पाहायची असते.

300 मिलिसेकंदांत यंत्राचं काम संपतं आणि माणसांचं सुरू होतं. नियंत्रण कक्षात एकाच वेळी अनेक ब्रेकर पडल्याची नोंद येते आणि लॉकआउट रिलेचे झेंडे खाली येतात. अनुभवी ऑपरेटर आधी घटनांची क्रमवार यादी बघतो, जिच्यात प्रत्येक नोंदीपुढे मिलिसेकंदापर्यंत वेळ असते. आधी वाहिनीची रिले, मग दोनशेच्या अंतराने एलबीबी, मग बसवरचे सगळे, असा क्रम दिसला की कुठला ब्रेकर अडकला हे कळतं. क्रम उलटा असेल, म्हणजे आधी बस संरक्षणाची रिले आणि मग सगळे, तर बिघाड बसवरच आहे आणि वागणूक वेगळी हवी. या दोन्हीत गल्लत करून बस परत चार्ज करणं धोक्याचं आहे.

पुढचं पाऊल अडकलेल्या ब्रेकरला वेगळं करायचं. त्याच्या दोन्ही बाजूंचे आयसोलेटर वाहता प्रवाह तोडू शकत नाहीत. वाहत्या प्रवाहात ते उघडले तर तिथेच ज्योत उभी राहते. पण आता बस मेलेली आहे, वाहिनीही दुसऱ्या टोकाकडून बंद आहे. तसं तपासून घेतल्यावर आयसोलेटर उघडतात, लॉकआउट परत बसवतात आणि बस पुन्हा चार्ज करून निरोगी वाहिन्या एकेक करून चालू करतात. बिघडलेला ब्रेकर तेवढा यार्डात एकटा उभा राहतो.

ही योजना नसली तर काय होतं, याचं उत्तर अमेरिकेत फ्लोरिडामध्ये मिळालं. 26 फेब्रुवारी 2008 रोजी मायामीजवळच्या फ्लॅगामी उपकेंद्रात 138 केव्हीच्या एका स्विचचा दोष शोधताना एका अभियंत्याने तिथलं मुख्य संरक्षण आणि ब्रेकर-अपयशाचं संरक्षण, दोन्ही एकाच वेळी बंद केली. नेमका त्याच वेळी त्या स्विचवर बिघाड झाला. जवळून तोडणारं कुणीच उरलं नव्हतं. दूरच्या आधाराने बिघाड तोडेपर्यंत 1.7 सेकंद गेले. आपल्या प्रसंगातल्या 300 मिलिसेकंदांच्या ते साडेपाचपटींहून जास्त आहेत. तेवढ्या वेळात दाब इतका खाली गेला की 22 पारेषण वाहिन्या आणि सुमारे 4,300 मेगावॉटची निर्मिती बाहेर पडली. टर्की पॉइंटच्या दोन्ही अणुभट्ट्याही बंद झाल्या. सुमारे 3,650 मेगावॉटचे ग्राहक अंधारात गेले. पुढच्या वर्षी त्या कंपनीने नियामकांशी 2.5 कोटी डॉलरच्या दंडावर तडजोड केली.

उलट बाजूची चूकही वाईट असते. देखभालीत एखादी रिले तपासताना तंत्रज्ञ तिला बाहेरून प्रवाह देतो आणि ती ट्रिप होते. एलबीबीकडे जाणारी लिंक काढलेली नसेल आणि तोच प्रवाह एलबीबीलाही दिसत असेल, तर तिच्या दृष्टीने हुकूमही आहे आणि प्रवाहही आहे. ती नियमाने वागते आणि बिघाड नसताना अख्खी बस पाडते. म्हणून तपासणीच्या कागदावर पहिली ओळ लिंक काढण्याची असते आणि शेवटची ती परत बसवल्याची, सहीसह. पहिली ओळ चुकली तर आज अंधार होतो, शेवटची चुकली तर एलबीबी मुकी राहते आणि ते खऱ्या बिघाडापर्यंत कुणाला कळत नाही.

एखाद्या ब्रेकरच्या आयुष्यात एलबीबीला एकदाही काम पडणार नाही, असं सहज होऊ शकतं. म्हणूनच काम करून दाखवून ती आपलं आरोग्य सिद्ध करू शकत नाही. ठरल्या वेळी टायमर मोजून, आयसोलेटरचे संपर्क घासून आणि हुकूम शेवटच्या कॉइलपर्यंत पोचतो का हे पाहूनच तिच्यावर भरवसा ठेवता येतो. किनाऱ्यावर ही तपासणी पावसाळा संपल्यावर, मीठ चढायच्या आत झालेली बरी.